लेबल जसंच्या तसं हवं असेल, तर टेक्स्ट-टू-व्हिडिओ की इमेज-टू-व्हिडिओ?

एका बाटलीच्या जाहिरातीची, एआय मॉडेलकडून बनवलेली क्लिप मी तपासणीसाठी पाठवली होती. ग्राहकाच्या पॅकेजिंग विभागातल्या बाईंनी ती थांबवत थांबवत पाहिली आणि चौथ्या सेकंदाचा स्क्रीनशॉट परत पाठवला. ब्रँडचं नाव ठीक होतं, पण त्याखालच्या ओळीत अक्षरं होती आणि शब्द नव्हते. ती क्लिप मी निदान वीस वेळा बघितली होती. मला ते दिसलं नाही, कारण मी बाटली बघत होतो आणि त्या लेबल वाचत होत्या.

त्यानंतर माझी काम करायची पद्धत बदलली. पूर्वी मी आधीच ठरवायचो की ही जाहिरात टेक्स्ट-टू-व्हिडिओने करायची की इमेज-टू-व्हिडिओने. आता तो निर्णय अख्ख्या जाहिरातीचा घेत नाही, एकेका शॉटचा घेतो. आणि तो घेण्यासाठी एकच प्रश्न विचारतो: या शॉटमध्ये प्रेक्षकाला लेबल वाचता येणार आहे का?

मॉडेलच्या हाती नेमकं काय असतं

टेक्स्ट-टू-व्हिडिओमध्ये मॉडेल निव्वळ नॉइजपासून सुरुवात करतं आणि तुमच्या प्रॉम्प्टच्या दिशेने चित्र साफ करत नेतं. तुमचं लेबल त्याने कधी पाहिलेलं नसतं. ‘निळ्या पानाचा लोगो, पांढरं लेबल’ असं लिहिलं, तर ते निळं पान काढेल, पण ते पान तुमचं नसेल. प्रॉम्प्ट कितीही बारकाईने लिहा, वळणाचा कोन, अक्षरांमधलं अंतर, पानाच्या देठाची जाडी या गोष्टी वाक्यात मावत नाहीत. म्हणून लोगो हुबेहूब हवा असलेल्या शॉटसाठी ही वाट पहिल्याच पायरीला बंद होते. पुन्हा पुन्हा सीड, म्हणजे सुरुवातीचा नॉइज ठरवणारा आकडा, बदलून प्रयत्न करण्यात वेळ घालवू नका.

इमेज-टू-व्हिडिओमध्ये तुम्ही पहिली फ्रेम देता. आता खरं लेबल मॉडेलसमोर आहे. पण ते लेबल पुढच्या फ्रेमांवर चिकटवलं जात नाही. पुढची प्रत्येक फ्रेम नव्याने बनवली जाते, पहिलीकडे बघत बघत. त्यामुळे पहिली फ्रेम जवळजवळ तुमचीच असते आणि तिथून पुढे लेबल हळूहळू सरकत, वितळत जातं.

हे का होतं ते कळलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. ही मॉडेलं थेट पिक्सेलवर काम करत नाहीत. आधी चित्र आवळून लहान केलं जातं. वॅन २.१, हुन्युआनव्हिडिओ आणि कॉगव्हिडिओएक्स या खुल्या मॉडेलांमध्ये ८ × ८ पिक्सेलचा एक चौकोन आवळून एक घर होतं आणि काळाच्या दिशेने ४ फ्रेमांचं एक घर होतं. पहिली फ्रेम मात्र स्वतंत्र आवळली जाते. वॅन २.१ ची नेहमीची ८१ फ्रेमांची क्लिप आत फक्त २१ घरांची असते: एक घर पहिल्या फ्रेमचं, बाकी वीस घरं चार-चार फ्रेमांची. म्हणजे अक्षर १६ पिक्सेल उंच असेल, तर मॉडेलकडे ते उभ्या दिशेने जेमतेम दोन घरांत असतं. दोन घरांत डाग बसतो, वळण बसत नाही.

देवनागरी लेबलाची अडचण याहून थोडी जास्त. अनुस्वार, रफार आणि जोडाक्षराची आतली गाठ हे अक्षराच्या उंचीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात असतात, त्यामुळे अक्षर टिकलं तरी मात्रा आधी उडते. मोजताना अक्षराची उंची न धरता त्यातला सगळ्यात लहान भाग धरा.

आधी फूटपट्टी, मग टूल

एक उदाहरण घेऊ. गोल काचेची बाटली, व्यास ६० मिलिमीटर, पुढे कागदी लेबल. ब्रँडचं नाव ९ मिलिमीटर उंच, त्याखाली ३ मिलिमीटरची एक ओळ, आणि तळाशी दीड मिलिमीटरच्या अक्षरांत बारीक मजकूर. जाहिरात उभी, ७२० × १२८० पिक्सेल, पंधरा सेकंदांची.

समजा शॉटमध्ये बाटली फ्रेमची निम्मी रुंदी व्यापते, म्हणजे ३६० पिक्सेल. ३६० भागिले ६०, म्हणजे मधोमध एका मिलिमीटरला ६ पिक्सेल. मग नाव ५४ पिक्सेल उंच होतं, जवळपास सात घरं. मधली ओळ १८ पिक्सेल, दोन घरांपेक्षा किंचित जास्त. बारीक मजकूर ९ पिक्सेल, एकाच घरात. यावरूनच कळतं की हळू हालचालीत नाव बहुतेक टिकेल, मधली ओळ बिघडेल आणि बारीक मजकुराची राख होईल. क्लिप बनवण्याआधीच हे कागदावर दिसतं.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: पाच-सहा घरांपेक्षा उंच अक्षर असेल आणि हालचाल मंद असेल, तर इमेज-टू-व्हिडिओवर सोडून बघावं. तीन घरांच्या खाली असेल आणि ते वाचता यायलाच हवं असेल, तर मॉडेलकडून अपेक्षाच ठेवू नये. मूळ आर्टवर्क नंतर वरून बसवायचं. मधल्या पट्ट्यात एक चाचणी क्लिप काढायची. ही चाचणी अंतिम रिझोल्यूशनलाच काढा. वेळ वाचवायला निम्म्या रिझोल्यूशनला काढली, तर अक्षराच्या वाट्याची घरंही निम्मी होतात आणि जो शॉट जमला असता तो तुम्ही नाहक टाकून देता.

दुसरी गोष्ट बाजूंची. पहिल्या फ्रेममध्ये जे दिसत नाही, ते मॉडेल रचून काढतं. बाटली फिरवून मागची बाजू दाखवायची म्हटलं, तर मागचं लेबल पूर्ण कल्पनेतलं येणार. पहिली आणि शेवटची अशा दोन्ही फ्रेमा देण्याची सोय काही टूलमध्ये असते, वॅन २.१ मध्येही आहे. पण समोरची बाजू पहिल्या फ्रेममध्ये आणि मागची शेवटच्या फ्रेममध्ये दिली, तर मध्ये बाटली फिरण्याऐवजी एक लेबल विरघळून दुसरं उगवताना दिसतं. दोन फ्रेमांमधला फरक दहा-पंधरा अंशांचा ठेवला, तरच मधली वाट विश्वासाची असते.

काही टूलमध्ये वस्तूचे तीन-चार फोटो संदर्भ म्हणून देता येतात. त्यांनी बाटलीचा आकार, झाकण, रंग छान धरला जातो, पण लेबल प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने रेखाटलेलंच असतं. लेबलापुरता तो प्रकार मी टेक्स्ट-टू-व्हिडिओतच धरतो.

पंधरा सेकंदांचे चार शॉट

आपल्या उदाहरणातली जाहिरात अशी आहे: ओल्या पानांवरून ओघळणारं पाणी, दगडावर ठेवलेली बाटली आणि तिच्याजवळ सावकाश जाणारा कॅमेरा, एक हात बाटली उचलतो, शेवटी बाटली आणि नाव.

पहिल्या शॉटमध्ये बाटलीच नाही. इथे टेक्स्ट-टू-व्हिडिओ खुशाल वापरा. पाणी, पानं, प्रकाश यांत मॉडेलला मोकळीक दिली की चित्र उलट जास्त जिवंत येतं, स्थिर फोटोतून काढलेलं थोडं बांधलेलं वाटतं. फक्त प्रॉम्प्टमध्ये ब्रँडचं किंवा वस्तूचं नाव लिहू नका, नाहीतर कोपऱ्यात कुठेतरी एखादी अनोळखी बाटली उभी राहते.

दुसऱ्या शॉटमध्ये बाटली आहे आणि हालचाल कमी आहे. इथे इमेज-टू-व्हिडिओ. तिसऱ्यात बाटली हलते, कलते, हात येतो. इथे इमेज-टू-व्हिडिओच, पण कोऱ्या लेबलासह, आणि खरं लेबल नंतर हालचालीचा माग काढून, म्हणजे ट्रॅक करून, बसवायचं. चौथ्यात प्रेक्षक नाव वाचतो. तिथे खरा फोटो, आणि सभोवार थोडी हालचाल.

पहिली फ्रेम: बहुतेक चुका इथेच होतात

इमेज-टू-व्हिडिओतून तुम्ही दिलेल्या फ्रेमपेक्षा अचूक काही बाहेर येऊ शकत नाही. तरीही पुष्कळ जण बाटलीचा फोटो एखाद्या चित्र बनवणाऱ्या मॉडेलला देतात, ‘हिला दगडावर ठेव’ म्हणतात, आणि आलेलं सुंदर चित्र थेट व्हिडिओला लावतात. त्या पायरीत मॉडेलने लेबल पुन्हा रंगवलेलं असतं. चूक व्हिडिओत दिसते, पण ती व्हिडिओची नसते.

म्हणून दृश्य आणि वस्तू वेगळी ठेवा. दगड, पानं, मागचा धूसर प्रकाश असं रिकामं दृश्य मॉडेलकडून बनवा. बाटलीचा खरा फोटो काढा: लांब फोकल लेन्थने, म्हणजे कडा फुगणार नाहीत, कॅमेऱ्याची उंची आणि प्रकाशाची दिशा दृश्याशी जुळवून. मग बाटली कापून त्या दृश्यावर ठेवा आणि खालची सावली, दगडावरचं प्रतिबिंब तेवढं रंगवा किंवा मॉडेलकडून भरून घ्या. भरून घेताना बाटलीवर मास्क ठेवा आणि शेवटी कापलेली मूळ बाटली पुन्हा वर ठेवा, म्हणजे तिथला एकही पिक्सेल बदललेला राहणार नाही.

फ्रेम थेट ७२० × १२८० ला निर्यात करा. वेगळ्या प्रमाणातलं चित्र दिलं तर काही टूल ते कापतात, काही ताणतात, आणि ताणलेला लोगो हा चुकीचाच लोगो. मोठं चित्र दिल्याने अक्षरं जास्त टिकतील असंही नाही, ते आत गेल्यावर लहानच होतं.

तिसऱ्या शॉटसाठी याच बाटलीची दुसरी फ्रेम बनवा, जिच्यात लेबल त्याच पायाभूत रंगाचं पण कोरं आहे. त्याच्या चार कोपऱ्यांजवळ वीस-पंचवीस पिक्सेलचे गडद ठिपके ठेवा. पूर्ण कोऱ्या पांढऱ्या पृष्ठभागावर ट्रॅकरला पकडायला काहीच मिळत नाही, आणि ठिपके त्याहून लहान असतील तर तेही अक्षरांसारखेच वितळतात.

हालचाल सांगताना

इमेज-टू-व्हिडिओच्या प्रॉम्प्टमध्ये लेबलाचं वर्णन करू नका. ते चित्रात आहेच. शब्दांत पुन्हा सांगितलं, की मॉडेल चित्रापेक्षा शब्दांच्या बाजूने थोडं झुकतं आणि लेबल ‘सुधारायला’ घेतं. ‘लोगो बदलू नको’ हेही उपयोगाचं नाही. ती आज्ञा म्हणून वाचली जात नाही, उलट लोगोकडे लक्ष मात्र वेधलं जातं. फक्त काय हलतं आणि काय स्थिर आहे ते लिहा. दुसऱ्या शॉटसाठी मी असं लिहीन: कॅमेरा अगदी सावकाश पुढे सरकतो, बाटली दगडावर स्थिर, मागची पानं वाऱ्याने हलकी हलतात, प्रकाश तसाच राहतो.

प्रकाश तसाच राहतो, हे वाक्य मी नेहमी घालतो. लेबलावरून चकाकीची रेघ सरकली, की तिच्याखालची अक्षरं काही फ्रेम झाकली जातात आणि रेघ पुढे गेल्यावर बाहेर येतात ती बऱ्याचदा वेगळीच. हेच लेबलासमोरून जाणाऱ्या बोटाचं, धुराचं, थेंबाचं. झाकून उघडलेला मजकूर परत तसाच येईल यावर विसंबू नका. म्हणून तिसऱ्या शॉटमध्ये हात बाटली झाकणापाशी, मानेला धरून उचलतो. बोटं लेबलावर येत नाहीत, त्यामुळे बिघाड टळतोच, शिवाय नंतर बोटांचा फ्रेम-दर-फ्रेम मास्क कापायचं कामही वाचतं.

चौथ्या शॉटसाठी एक युक्ती फार कामाची आहे. सर्वांत अचूक फ्रेम पहिली असते, पण आपल्याला अचूकता शेवटी हवी असते. मग क्लिप उलटी बनवा: बाटली जवळ असलेल्या फ्रेमपासून सुरू करून कॅमेरा मागे न्या, आणि नंतर क्लिप उलटवा.

```
ffmpeg -i shot4.mp4 -vf reverse -an shot4_rev.mp4
```

आता कॅमेरा पुढे येतो आणि लेबल स्वच्छ होत होत खऱ्या फ्रेमवर थांबतं. तिथे मूळ फोटो जोडून दीड-दोन सेकंद धरून ठेवता येतो. जोडावर रंगाचा हलका झटका दिसला तर पाच-सहा फ्रेमांचा डिझॉल्व्ह पुरतो. पाणी, वाफ, पडणारी वस्तू असेल तिथे हे करू नका; उलटं वाहणारं पाणी डोळ्याला लगेच खटकतं.

तपासणी: चालू क्लिप बघून बिघाड सापडत नाही

पहिली तपासणी अगदी स्वस्त आहे. क्लिपची पहिली फ्रेम काढा आणि तुम्ही दिलेल्या चित्राशेजारी मोठी करून ठेवा. तुमचं चित्रही आवळून-उलगडूनच बाहेर आलेलं असतं, त्यामुळे बारीक मजकूर पहिल्याच फ्रेममध्ये मऊ झालेला दिसेल. जे तिथे गेलं ते पुढे कधीच परत येणार नाही. मधली ओळ पहिल्या फ्रेममध्येच वाचता येत नसेल, तर सीड बदलत बसण्यात अर्थ नाही. शॉट अधिक जवळचा करा, किंवा ती ओळ वरून बसवायच्या यादीत टाका.

दुसरी तपासणी लेबलाच्या तुकड्यांच्या पत्रकाची. सेकंदाला चार फ्रेमा घेऊन फक्त लेबलाचा भाग कापायचा आणि सगळे तुकडे एका चित्रात मांडायचे:

```
ffmpeg -i shot2.mp4 -vf "crop=440:520:140:420,fps=4,tile=5x4" -frames:v 1 shot2_sheet.png
```

`crop` नंतरचे आकडे अनुक्रमे रुंदी, उंची, डावीकडचं आणि वरचं अंतर आहेत. ते आपल्या लेबलाप्रमाणे बदला. कॅमेरा पुढे जात असेल तर थोडी जागा जास्त ठेवा. पाच सेकंदांच्या क्लिपचे वीस तुकडे एका नजरेत दिसतात, आणि कितव्या तुकड्यापासून अक्षर सरकायला लागलं ते नेमकं कळतं. दुसऱ्या शॉटमध्ये बाराव्या तुकड्यापर्यंत लेबल चांगलं असेल, तर तीन सेकंद वापरण्याजोगे आहेत. जाहिरातीत तेवढेच हवे असतात, कारण पंधरा सेकंदांत चार शॉट बसवायचे आहेत. पाचही सेकंद वाचवायचा हट्ट मी आता करत नाही.

शेवटची फ्रेम वेगळी काढून बघावी, कारण सर्वांत जास्त घसरण तिथे असते:

```
ffmpeg -sseof -0.2 -i shot2.mp4 -update 1 shot2_last.png
```

तिच्यात अक्षरांबरोबर लेबलाचा पांढरा भागही पाहा. क्लिप पुढे जाईल तसा काँट्रास्ट आणि रंगाचा गडदपणा चढत जाणं हा नेहमीचा आजार आहे. पांढरा भाग पिवळट किंवा जळलेला दिसला, तर ब्रँडचा रंगही सरकलेला असणार. लोगोच्या रंगाकडे थेट बघून हे कळत नाही. पांढऱ्यावरून चटकन कळतं.

खरं लेबल परत बसवणं

तिसऱ्या शॉटसाठी प्लॅनर ट्रॅकर, म्हणजे एखाद्या सपाट पृष्ठभागाची हालचाल फ्रेम-दर-फ्रेम पकडणारं साधन, लागतो. आफ्टर इफेक्ट्सबरोबर मोका येतो, दाविंची रिझॉल्व्हच्या फ्युजनमध्ये एक आहे, ब्लेंडरमध्येही आहे. चार ठिपक्यांच्या आधाराने लेबलाचा पृष्ठभाग ट्रॅक करा.

गोल बाटलीवर सपाट आर्टवर्क चार कोपऱ्यांनी ओढून बसवलं, तर ते पोस्टरसारखं चिकटवलेलं दिसतं. कडेची अक्षरं दबायला हवीत तशी दबत नाहीत. आधी आर्टवर्क सिलिंडरवर गुंडाळा. आफ्टर इफेक्ट्समध्ये `CC Cylinder` आहे, ब्लेंडरमध्ये साध्या सिलिंडरवर लेबलाचं टेक्स्चर लावता येतं. गुंडाळलेल्या लेबलाचा वरचा-खालचा वक्र बाटलीच्या लेबलाच्या कडेशी जुळला, की मगच ट्रॅकला जोडा.

आता लेबल बरोबर आहे पण निर्जीव दिसतं, कारण दृश्यातला प्रकाश त्यावर नाही. कोरं लेबल इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतं. त्या कोऱ्या लेबलाची प्रत घ्या, ब्लॅक अँड व्हाइट करा, ठिपके नाहीसे होतील इतकी धूसर करा, आणि आर्टवर्कच्या वर मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवा. मॉडेलने काढलेला उजेड-सावलीचा उतार लेबलावर उतरतो. शेवटी आर्टवर्क अगदी किंचित मऊ करा आणि क्लिपमध्ये असेल तेवढाच ग्रेन घाला. बाकी चित्रापेक्षा लेबल जास्त धारदार असलं, की ते वरून ठेवल्याचं लगेच कळतं.

बाटली कलंडताना मोशन ब्लर असेल, तर तोही आर्टवर्कला द्यावा लागतो. मी शक्यतो तो भाग एडिटमध्येच कापतो: हात बाटलीपाशी येतो, कट, बाटली वर येऊन स्थिरावतेय.

क्रम चुकवू नका

अंतिम जाहिरात १०८० × १९२० ला हवी असेल, तर आधी अपस्केल, म्हणजे क्लिप त्या आकाराला मोठी करणं, आणि मग लेबल. अपस्केलरही अक्षरं अंदाजाने रेखाटतो. बसवलेलं लेबल त्यातून काढलं, तर केलेली मेहनत तिथेच जाते. दुसऱ्या शॉटमध्ये मॉडेलने टिकवलेलं नावसुद्धा अपस्केलनंतर पुन्हा तपासा. मधली ओळ बिघडली असेल तर तिथेही आर्टवर्क बसवा. कॅमेरा फक्त पुढे सरकत असल्यामुळे ट्रॅक सोपा असतो, दहा मिनिटांत होतो. ग्रेडिंग त्यानंतर, सगळ्या शॉटांवर एकत्र, आणि चौथ्या शॉटमधला खरा फोटो प्रमाण मानून.

मग चारही शॉटांची तुकड्यांची पत्रकं पुन्हा काढा आणि छपाईच्या मंजूर आर्टवर्कसोबत अशा माणसाकडे द्या, ज्याने ही जाहिरात पाहिलेली नाही. लेबल शेवटच्या अक्षरापासून उलट वाचायला सांगा. सरळ वाचताना डोळा ओळखीचा शब्द मनानेच पुरा करतो. उलट वाचताना एकेक अक्षर पाहावंच लागतं. आमच्याकडे आता ते काम त्या पॅकेजिंगच्या बाईच करतात, आणि पत्रकावर त्यांची सही आल्याशिवाय मी फाइल निर्यात करत नाही.